वांग परत परत का येतो? उन्हात न जाणाऱ्या ताईंना उत्तर

«डॉक्टर, मी ३९ वर्षांची, भांडुपला राहते. पोळीभाजी केंद्राला रोज १५० पोळ्या करून देते, सकाळी ६ ते १० गॅससमोरच असते. दुसऱ्या मुलाच्या वेळी दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर चॉकलेटी डाग आले. दोन वर्षांपूर्वी मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, महिन्याभरात चेहरा एकदम साफ! बंद केलं की परत, मग पुन्हा लावलं, असं चार-पाच वेळा झालं. यंदा मार्चमध्ये तर आधीपेक्षा गडद आलेत. माझ्या आत्याच्या हातावर आणि गालावर आहेत ते उन्हाचे डाग म्हणे, पण मी उन्हात जातच नाही, मग मला कसे? सासूबाई म्हणतात वांग आहे, पोटातून येतो, पोट साफ ठेव. पार्लरमधली मुलगी आठ सिटिंगचं लेझर कर म्हणते. पैसे साठवलेत, करू का?»

ताई, लेझरचे पैसे तूर्त तसेच ठेवा, कुठे भरू नका. कारण पुढे येईलच.

सासूबाईंनी नाव अगदी बरोबर सांगितलंय. दोन्ही बाजूंना सारखे, गालांवर आणि ओठाच्या वर, बाळंतपणात सुरू झालेले, म्हणजे वांगच असणार, ज्याला आम्ही डॉक्टर लोक मेलाज्मा म्हणतो. पोटाचा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही, पोट साफ करायची औषधं घेऊन वांग गेलेला मी इतक्या वर्षांत एकही पेशंट पाहिला नाही. पत्रावरून मी शंभर टक्के सांगू शकत नाही, चेहरा समोर बघावाच लागतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दुसरं काही दिसत नाहीये.

आधी आत्याच्या डागांचं बघू, कारण हा फरक कळला की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. उन्हाचा डाग हा एकेक, सुटा असतो. मसूर डाळीएवढा, कधी रुपयाच्या नाण्याएवढा, कडा स्पष्ट, पेनने गोल काढल्यासारखी. येतो तो वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या जागी, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला, मनगटाच्या वर, कानशिलाजवळ, आणि बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीनंतर. आपल्याकडचे टॅक्सी ड्रायव्हर बघा, आयुष्यभर उजवा हात खिडकीशी, तर त्यांच्या उजव्या हातावर आणि उजव्या गालावर जास्त डाग असतात, डाव्या बाजूला कमी. वांग असा सुटा नसतो, तो पसरतो, नकाशासारखा, वेड्यावाकड्या कडांचा, आणि एका गालावर आला की दुसऱ्या गालावर जवळजवळ तसाच उमटतो. हातावर सहसा येत नाही. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे उन्हाचा डाग बाराही महिने तसाच राहतो, थंडीत थोडा फिका पडेल इतकंच, पण वांग ये-जा करतो, जानेवारीत म्हणावं तर गेलाच, आणि मार्च-एप्रिल आला की आरशात पुन्हा हजर.

आत कातडीत काय फरक असतो तेही सांगते. रंग बनवणाऱ्या पेशी कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी बसलेल्या असतात. उन्हाच्या डागात त्या एका जागी संख्येने वाढलेल्या असतात, म्हणजे तेवढ्याच तुकड्यात बिघाड, तो तुकडा नीट काढला की काम बऱ्यापैकी संपलं. वांगात पेशी साधारण तेवढ्याच असतात, पण त्या ओव्हरटाइम करत असतात, आणि त्यांना कामाला लावणारं सगळं त्यांच्या खालच्या थरात असतं. वांगाच्या जागी रक्ताच्या बारीक नळ्या नेहमीपेक्षा जास्त आणि रुंद असतात, अॅलर्जीत काम करणाऱ्या पेशीही तिथे जास्त सापडतात, आणि वरच्या-खालच्या थरामधला पडदा विरलेला असतो, त्यामुळे थोडा रंग खाली झिरपतो. म्हणून क्रीमने वरचा रंग पुसला तरी खालची माणसं तिथेच बसलेली असतात, ती परत पेशींना कामाला लावतात. वांग परत येतो याचा अर्थ उपचार खोटा होता असा नाही, वरचा रंग गेला होता हे खरंच आहे, पण आग लावणारं कारण तसंच होतं.

आता तुमचा प्रश्न, उन्हात न जाता कसं काय. तुमच्यासारख्या स्वयंपाक करणाऱ्या बायका माझ्या ओपीडीत दर उन्हाळ्यात येतात आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच असतं. ताई, तुमच्या सकाळी ६ ते १० मध्ये दोन गोष्टी एकत्र चालतात. एक म्हणजे उजेड. तुम्ही लिहिलं नाहीये, पण ओटा खिडकीशी असतो बहुतेकांचा, आणि खिडकी पूर्वेला असेल तर सात वाजल्यापासून ऊन सरळ चेहऱ्यावर असतं. काच मध्ये असली तरी उन्हातला यूव्हीए आत येतोच, आणि जो उजेड डोळ्याला दिसतो तो तर येतोच येतो. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत नुसता हा दिसणारा उजेडही रंग वाढवतो, आणि त्याला साधं पांढरं सनस्क्रीन फारसं अडवत नाही. ही गोष्ट पेशंटला सांगितली की बहुतेकांना धक्काच बसतो, कारण त्यांनी दोन-दोन वर्षं रोज सनस्क्रीन लावलेलं असतं.

दुसरी म्हणजे आच. तव्यावर वाकून पोळी फुगतेय का बघताना तोंड तव्यापासून हातभर अंतरावर असतं, गाल लाल होतात, घाम येतो, हे १५० वेळा. गरमीने चेहऱ्यातल्या रक्तनळ्या फुलतात, आणि वांगाच्या जागी त्या आधीच जास्त असतात हे वर आलंच. फुललेल्या नळ्यांच्या भिंतीतून असे निरोप सुटतात की रंगपेशी आणखी रंग बनवायला लागतात. उन्हाचा आणि उजेडाचा पुरावा संशोधनात भक्कम आहे, नुसत्या उष्णतेवरचा अभ्यास त्या मानाने थोडा, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण उष्णता एकटी कातडीवर रंग उमटवते हे आम्हाला दुसरीकडून चांगलं माहीत आहे. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी, मांडीशी धरतात, तिथे ऊन पोहोचत नाही, तरीही वर्षानुवर्षं धरणाऱ्यांच्या मांडीवर जाळीसारखे चॉकलेटी डाग पडतात. कंबरेला रोज गरम पाण्याची पिशवी लावणाऱ्यांच्या पाठीवर तसेच डाग मी इथे मुंबईत पाहिलेत.

परळला वडापावची गाडी चालवणाऱ्या एक ताई माझ्याकडे यायच्या. त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा स्पष्ट गडद होता. वांग दोन्हीकडे सारखा असतो असं मी वर म्हटलं ना, म्हणून मला खटकलं. विचारलं तर कढई उजव्या हाताला, आणि दुपारभर त्या तिकडेच वळून उभ्या. त्यांनी गाडीच्या मांडणीत कढई दुसरीकडे नेली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावला, क्रीम तेच ठेवलं, सहा महिन्यांत दोन्ही गाल एकसारखे झाले. पूर्ण गेला नाही, पण उजव्याचा वेगळा गडदपणा गेला. एका पेशंटवरून मी नियम करत नाही, पण तेव्हापासून मी प्रत्येकीला ओट्याची मांडणी विचारते, शेगडी कुठे, खिडकी कुठे, फॅन कुठे.

मुंबईचं हवामान यात भर घालतं. मार्च ते मे, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, खोलीत बसूनही चेहरा तापलेला राहतो. मेच्या मध्यात आणि परत जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, म्हणून ढग असले तरी जुलैमध्ये सनस्क्रीन सोडायचं नाही, ढगातून यूव्ही येतोच. माझ्या पेशंटांच्या फोटोत दोन उंचवटे दरवर्षी दिसतात, एक एप्रिल-मेचा, दुसरा ऑक्टोबरचा.

आता मेडिकलच्या क्रीमकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या केसमध्ये खरी गाठ इथेच आहे. ट्यूब असेल तर बारीक अक्षरं वाचा, बहुधा त्यात तीन औषधं आहेत, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टिरॉइड. ही तीन एकत्र वापरायची कल्पना जुनी आहे, १९७५ मध्ये अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी मांडलेली, आणि वांगावर आजही हे सगळ्यात असरदार मिश्रण आहे, म्हणून औषधाला मी वाईट म्हणत नाही. हायड्रोक्विनोन रंग बनवण्याचं काम थांबवतं, ट्रेटिनोइन वरचा थर लवकर बदलतं आणि दुसऱ्या औषधाला आत जाऊ देतं, आणि स्टिरॉइड हे दोघे जी जळजळ करतात ती दाबतं. तिन्ही मिळून महिन्यात चेहरा उजळतो, तुमचा उजळला तसा. अडचण कुठे होते, तर आपल्याकडे सहज मिळणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा मोमेटासोन असतं, जे चेहऱ्याला जरा तगडं आहे, आणि कोणी किती दिवस लावायचं ते सांगत नाही. आम्ही देतो तेव्हा रात्री, फक्त डागावर, वाटाण्याएवढं, साधारण आठ ते बारा आठवडे, मध्ये तपासणी, आणि मग हळूहळू कमी करून बंद. तुम्ही दोन वर्षांत चार-पाच फेऱ्या मारल्यात, ते अर्थात तुमचं चुकलं नाही, कारण कोणी तसं सांगितलंच नव्हतं.

चेहऱ्यावर स्टिरॉइड पुन्हा पुन्हा लावलं की कातडी पातळ होते आणि रक्ताच्या नळ्या कायमच्या फुगतात. आता वरची गोष्ट आठवा, वांगाच्या जागी नळ्या आधीच जास्त, त्यात स्टिरॉइडने आणखी रुंद, आणि समोर तवा. म्हणजे ज्या क्रीमने डाग पुसले त्याच क्रीमने तुमचा चेहरा गरमीला आणखी नाजूक करून ठेवला, म्हणून यंदाचा मार्च आधीच्या मार्चपेक्षा जास्त लागला असावा. हे खरंच झालंय का ते तुम्ही घरीच बघू शकता. साध्या पाण्याने तोंड धुतलं तरी चुरचुरतं का, गॅससमोर उभं राहिल्यावर पाच मिनिटांत लालबुंद होतं का, गालावर बारीक लाल रेषा दिसतात का, नवीन लव वाढली का, बारीक पुटकुळ्या येतात का. यातलं दोन-तीन असेल तर आधी हे सुधारायचं, वांग नंतर. आणि कृपा करून त्या क्रीमची सहावी फेरी सुरू करू नका, फार तर दोन महिने बरे दिसतील. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर कधी कधी उलटा, निळसर-काळा रंग बसतो, तो मग कशानेही नीट जात नाही, हे मी दोन-तीनदा पाहिलंय.

तर आता करायचं काय. तुम्ही माझ्या समोर असता तर मी असं केलं असतं.

पहिले सहा आठवडे डागांवर औषध नाही, फक्त कातडी सावरायची. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन. बाकी बंद, म्हणजे ब्लीच, स्क्रब, लिंबू, बेसन-हळद, वाफ घेणं, फेशियल, सगळंच. वाफ घेणं तर वांगाला मुद्दाम डिवचणं आहे, आणि लिंबाने कातडी जळली तर त्या जळण्याचाच काळा डाग वर पडतो. गरम पाण्याने तोंड धुवायचं नाही, थंडीतही कोमट पुरे.

सनस्क्रीनबद्दल थोडं जास्त बोलते, कारण इथेच निम्मा उपचार आहे. तुम्हाला टिंटेड घ्यायचंय, म्हणजे ज्याचा रंग फाउंडेशनसारखा कातडीचा असतो, त्यात आयर्न ऑक्साइड असतं आणि दिसणारा उजेड तेच अडवतं. एसपीएफ ३० किंवा ५०, पीए तीन किंवा चार प्लस. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब पट्टी काढा, पहिलं आणि मधलं बोट, तेवढं लागतं, आपण सगळे त्याच्या चौथ्या हिश्शात भागवतो आणि मग लिहिलेला एसपीएफ मिळत नाही. टिंटेड महाग वाटत असेल तर साधं सनस्क्रीन पूर्ण प्रमाणात लावून डागांच्या जागी वरून तुमच्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर थापा, त्यातही आयर्न ऑक्साइड असतं, अगदी तेवढं नाही पण बरीच मदत होते. तुमच्या कामाच्या वेळी मात्र अडचण आहे, घामाने सगळं वाहून जातं, म्हणून पहाटे लावलेलं दहापर्यंत टिकलं असं धरू नका. मध्ये एकदा, समजा आठला, स्वच्छ सुती कापडाने घाम टिपून घ्या, पुसू नका, टिपा, आणि पुन्हा लावा. काम संपल्यावर तोंड गार पाण्याने धुवून परत.

मग ओटा. काम सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. पण खिडकीला जाडसर पडदा लावून ती बाजू पाठीशी घेता येईल का, बघा. एक्झॉस्ट फॅन नसेल तर लावून घ्या, आणि टेबल फॅन शेगडीच्या ज्योतीवर नको, तुमच्या चेहऱ्याच्या बाजूने, ज्योत हलणार नाही असा. सगळ्या पोळ्या एका दमात लाटून ठेवता येत नाहीत, सुकतात, हे मला माहीत आहे, पण दहा-दहाच्या घाण्याने लाटून मग भाजल्या तर मधल्या लाटण्याच्या वेळात चेहरा आचेपासून दूर असतो. फुलका फुगवताना वाकून बघायची सवय बदला, लांब चिमटा घ्या आणि मान मागे ठेवा, दोन-तीन दिवस विचित्र वाटेल. ओल्या रुमालाची घडी फ्रीजमध्ये ठेवा, गाल तापले की मिनिटभर धरा, वीस-पंचवीस मिनिटांनी. बर्फ थेट नको. इंडक्शन परवडत असेल तर ज्योत आणि बाजूने येणारी झळ कमी होते, तवा तापतोच पण फरक पडतो.

सहा आठवड्यांनी चुरचूर गेली असेल तर औषध. पहिल्यांदा मी अझेलाइक अॅसिडने सुरुवात करते, १५ ते २० टक्के, रात्री, आधी एक दिवसाआड, कारण थोडी खाज आणि टोचल्यासारखं होतं. स्टिरॉइड नाही, त्यामुळे महिनोन्महिने चालतं, आणि गरोदरपणातही चालतं, जे हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइनचं चालत नाही. हळू आहे, तीन महिने धीर धरावा लागतो. त्याने पुरेसं झालं नाही तर तिहेरी क्रीम, पण सौम्य स्टिरॉइडचं, ठरलेले आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली.

आणखी एक औषध आहे ज्याबद्दल लोक हल्ली विचारतात, ट्रानेक्सामिक अॅसिडची गोळी. पाळीत जास्त रक्त जातं तेव्हा देतात तीच, पण वांगाला फार कमी डोस, बहुतेक वेळा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण तीन महिने. १९७९ साली जपानमध्ये हे औषध अंगावर पित्त उठण्यासाठी दिलेलं असताना वांग फिकट झाल्याचं लक्षात आलं, तिथून सगळं सुरू झालं. हे रक्तनळ्यांकडून येणारे निरोप कमी करतं, म्हणून गरमीवर वाढणाऱ्या वांगाला मला ते उपयोगी वाटतं. पण हे रक्त गोठण्यावर काम करणारं औषध आहे. कधी पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, पक्षाघात झाला असेल, घरात कुणाला कमी वयात असं झालं असेल, किंवा तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर नाही म्हणजे नाही. मेडिकलमधून स्वतः आणून घ्यायची ही गोळी नाही. आणि बंद केल्यावर वांग परत येऊ शकतो, ती थोडा काळ मदत करते इतकंच.

गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, घेत असाल तर त्याही वांग वाढवतात, गरोदरपणात होतो तसाच हार्मोनचा परिणाम. स्वतःहून बंद करू नका, पण आपल्या स्त्रीरोग डॉक्टरांना पर्याय विचारा. आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी एकदा करून घ्या, वांग असलेल्या बायकांत थायरॉइडचा त्रास जास्त दिसतो. तो नीट झाला म्हणून डाग जातात असं नाही, पण त्रास असेल तर त्याचा इलाज तसाही लागतोच.

आता लेझर. आत्याच्या डागांना लेझर खरंच छान काम करतं, कारण तिथे सुटा तुकडा आहे, पेशी एका जागी जमलेल्या, तेवढ्या टिपल्या की झालं. तिने चांगल्या त्वचारोग डॉक्टरकडे केलं तर माझी हरकत नाही, फक्त आधी एकदा डाग दाखवून घ्यावा, अचानक वाढणारा, कडा वेड्यावाकड्या झालेला किंवा रक्त येणारा असेल तर तो आधी तपासायचा. पण लेझर म्हणजे शेवटी प्रकाश आणि उष्णता. तुमच्या वांगाला ज्याने राग येतो तेच आपण आत सोडणार. काही आठवडे गाल उजळलेले दिसतात, मग डाग उसळून येतो, पुष्कळदा आधीपेक्षा गडद, किंवा मध्ये मध्ये पांढरे ठिपके पडतात. गोरं करणाऱ्या फ्लॅश लाइटच्या सिटिंगचंही तेच. बाकी सगळं करून झाल्यावर काही निवडक पेशंटना आम्ही हलक्या ताकदीचं लेझर वापरतो, तेही परत येणार हे सांगून. पार्लरमध्ये, स्टिरॉइडने पातळ झालेल्या चेहऱ्यावर, उन्हाळ्यात, मी माझ्या बहिणीलाही करू दिलं नसतं.

किती जाईल, हे विचारणारच तुम्ही. वांगाचा रंग जिथे वरच्या थरात आहे, म्हणजे जिथे डाग स्वच्छ चॉकलेटी दिसतो, तिथे सहा महिन्यांत तो बऱ्यापैकी फिका पडतो, लांबून कळणार नाही इतका. जिथे राखाडी झाक आहे तिथे रंग खाली उतरलाय, तो हळू आणि अर्धवटच जातो. आणि हा आजार डायबेटिससारखा आहे, ताब्यात राहतो, कायमचा जात नाही. फिका झाल्यावर उपचार बंद करायचे नसतात, कमी करायचे असतात, आठवड्यातून दोन-तीनदा अझेलाइक, रोज सनस्क्रीन, आणि फेब्रुवारीच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे गरमी येण्याच्या आधीच, परत पूर्ण जोमाने. बहुतेक जणी डाग दिसायला लागल्यावर येतात, तोवर दोन महिने हातचे गेलेले असतात.

एक गोष्ट मात्र वेगळी, ती माझ्याकडून सुटायला नको. डाग कपाळाच्या कडेला, कानाच्या मागे, मानेवर निळसर-करडे पसरत असतील, किंवा केसांना काळा रंग लावल्यावर वाढत असतील, तर तो वांग नसतो, त्याचा इलाज वेगळा. आपल्याकडे हे कमी नाही, आणि कित्येकींना वर्षानुवर्षं वांग समजून क्रीम लावलेलं मी बघते. आरशासमोर मान वळवून, केस बाजूला करून एकदा बघाच.

तुम्हाला प्रत्यक्ष दाखवायला हवंच. भांडुपहून सेंट्रल लाइनने सायनला उतरलात की सायन हॉस्पिटल जवळ आहे, तिथे त्वचारोगाची ओपीडी आहे, केईएम आणि नायरलाही आहे. जाताना ती क्रीमची ट्यूब, रिकामी असली तरी, टाकू नका, पिशवीत घ्या, डॉक्टरला बाकी काही सांगायची गरज उरत नाही. आणि उद्या सकाळी कामाला लागायच्या आधी, मेकअप न करता, खिडकीपासून दोन पावलं मागे उभं राहून फोनने तीन फोटो काढा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा. रोजच्या आरशात काही कळत नाही, पण एक तारखेचे चार फोटो शेजारी ठेवले की क्रीम काम करतंय की फक्त थंडी आली म्हणून फिकं दिसतंय, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.